साडेतीन वर्षांनी कॅनडात परत : पीआर कार्ड संपायच्या आत

जून २०१९मध्ये आम्ही पीआर, म्हणजे कॅनडात कायम राहण्याचा दर्जा, घेऊन टोरोंटोला उतरलो. नोव्हेंबर २०२०मध्ये वडिलांच्या आजारपणामुळे भारतात परतावं लागलं आणि मुक्काम लांबत गेला. जुलै २०२४मध्ये परत निघालो तेव्हा कार्ड संपायला महिनाभरच उरला होता. नियम असा, की मागच्या पाच वर्षांत किमान ७३० दिवस कॅनडात राहिलेलं असावं. माझे जेमतेम सोळा महिने भरत होते.

तरीही घाईने निघालो, कारण कार्डाची तारीख उलटली की विमान कंपनी बसू देत नाही. मग बाहेरूनच पीआर ट्रॅव्हल डॉक्युमेंटसाठी अर्ज करावा लागतो आणि तिथे अधिकारी आधी दिवसच मोजतो. नकार आला तर ६० दिवसांत अपील करता येतं, पण ते बाहेर बसून लढायचं. कार्ड चालू असेल तर हाच प्रश्न कॅनडाच्या दारात येतो, आणि तिथे पीआर असल्याचं सिद्ध झालं की दिवस कमी असले तरी आत घ्यावंच लागतं. तेव्हा कार्ड हातात असेल तर तारखेच्या आत पोहोचा, बाकीचं नंतर.

टोरोंटोच्या पिअर्सन विमानतळावर पहिल्या खिडकीवरच विचारलं, "किती दिवस बाहेर होतात?" खरं ते सांगितलं. बाहेर गेल्याच्या नोंदी विमान कंपन्यांकडून सरकारकडे जातात आणि खोटं बोलणं हा दिवस कमी असण्यापेक्षा मोठा गुन्हा ठरतो. तिथून इमिग्रेशनच्या वेगळ्या खोलीत पाठवलं. का गेलात, आधी का आला नाहीत, आता कुठे राहणार, काम काय करणार, असे प्रश्न झाले. मी दवाखान्याची डिस्चार्ज कार्डं तारखेनुसार लावून, इंग्रजी भाषांतरासह नेली होती. तिथल्या अधिकारी बाईंनी सगळ्यात जास्त वेळ शेवटच्या कागदावर घालवला. वडिलांचे उपचार कधी संपले आणि त्यानंतर मी किती दिवसांत निघालो, हे त्यांना बघायचं होतं. जाण्याचं कारण सगळ्यांकडेच असतं हो, पण शक्य झाल्याबरोबर परतलात का, यावर खरी नजर असते. शेवटी त्यांनी संगणकात काहीतरी टिपलं, तोंडी समज दिली आणि सोडलं.

सगळ्यांना असं सोडतीलच असं नाही. अधिकारी इमिग्रेशन कायद्याच्या कलम ४४खाली दिवस कमी असल्याचा अहवाल लिहू शकतो आणि त्यावरून देश सोडण्याचा आदेश निघू शकतो. तरी त्या दिवशी पीआर जात नाही. इमिग्रेशन अपील डिव्हिजनकडे जायला ३० दिवस मिळतात आणि निकाल लागेपर्यंत दर्जा टिकतो. मात्र अहवालानंतर कॅनडात राहिलेले दिवस हिशेबात धरत नाहीत, अपील जिंकलात तरच धरतात. एखादा अधिकारी पीआर स्वखुशीने सोडून देण्याचा अर्ज पुढे करू शकतो. थकव्याच्या भरात त्यावर सही करू नका. ती केलीत की अपीलही उरत नाही.

अहवाल न होता आत आलात, तर पुढचं गणित नीट समजून घ्या. अनेकजण इथेच फसतात. मला ७३०ला साधारण २४० दिवस कमी होते, म्हणजे आठेक महिने राहिलं की भागलं, असं वाटतं. तसं होत नाही. पाच वर्षांची खिडकी रोज पुढे सरकते. जुलै २०२४नंतर माझा रोज एक दिवस नव्याने जमा होतो आणि मागून २०१९चा एक दिवस गळतो. तो गळणारा दिवसही मी कॅनडातच काढलेला, त्यामुळे बेरीज जागची हलत नाही. नोव्हेंबर २०२५पर्यंत हेच चालणार. त्यानंतर मागून गळणारे दिवस भारतातले असतील, तेव्हा कुठे आकडा चढायला लागेल आणि जुलै २०२६मध्ये ७३०ला पोहोचेल. थोडक्यात, परतल्यापासून पूर्ण दोन वर्षं.

या दोन वर्षांत कार्ड संपतं, पीआर संपत नाही. नोकरीला सिन नंबर, म्हणजे तिथला सामाजिक विमा क्रमांक, चालतो. पण नवीन कार्डाचा अर्ज करू नका, कुणाला स्पॉन्सर करायलाही जाऊ नका. दोन्ही अर्जांत तुमचे दिवस मोजले जाऊ शकतात आणि आपणच आपली फाइल उघडून दिल्यासारखं होतं. भारतात जायची वेळ आलीच, तर परतीसाठी पुन्हा ते ट्रॅव्हल डॉक्युमेंट लागणार. अमेरिकेचा व्हिसा असलेले काहीजण तिथपर्यंत विमानाने येऊन खासगी गाडीने जमिनीवरची हद्द ओलांडतात. तिथे विमान कंपनी आड येत नाही, पण अधिकाऱ्याचे प्रश्न तेच असतात.

घराचा भाडेकरार, पगाराच्या स्लिपा, कराची नोटीस, बँकेची स्टेटमेंटं पहिल्या महिन्यापासून एका फाइलीत ठेवत चला. ७३० भरले त्याच दिवशी अर्ज टाकू नका, महिनाभर जास्त जाऊ द्या. मोजताना मात्र एक सवलत आहे : दिवसाचा थोडा भाग जरी कॅनडात गेला तरी तो पूर्ण धरतात, त्यामुळे निघायचा आणि यायचा, दोन्ही दिवस तुमचेच.