आठ संघ, आठ नावं आणि पाच सेकंद

आमच्या अलिबाग तालुक्यात कबड्डीच्या रात्रीच्या सामन्यांना मी गेली बारा-तेरा वर्षं माईकवर असतो. त्यामुळे गावांनी मिळून आठ संघांची लीग काढायची ठरली, तेव्हा नावं ठरवायचं काम आपसूक माझ्याकडे आलं. "तुलाच घसा फोडून म्हणायची आहेत, तर तूच ठरव," असा सगळ्यांचा न्याय.

एरवी नावाचा प्रश्नच नसतो. मंडळाचं नाव तेच संघाचं नाव. एका स्पर्धेत तीन-तीन 'जय हनुमान' उतरतात आणि निवेदक पुढे गावाचं नाव जोडून वेळ मारून नेतो. इथे मात्र खेळाडू बोली लावून वाटले जाणार होते. एकाच वाडीतली दोन पोरं समोरासमोर चढाई-पकड करणार, म्हणून गावाचं नाव बाद आणि देवाचंही बाद.

संघमालकांनी पाठवलेल्या पहिल्या यादीत पाच नावांच्या शेवटी 'वॉरियर्स', 'लायन्स', 'किंग्ज' असलं काहीतरी होतं. २०१४ पासून टीव्हीवर प्रो कबड्डी बघून लागलेली ही सवय. खरं तर तिथली लोकांच्या तोंडी सहज बसणारी नावं बघा: यू मुंबा, पुणेरी पलटण. एक मोकळ्या 'आ'वर संपतं, दुसऱ्यात दोनदा आलेला 'प' ताशाच्या काठीसारखा पडतो. 'वॉरियर्स'चा शेवट मात्र 'र्स' असा दातात अडकतो. शंभर माणसं एकदम ओरडली की नुसता फुसफुसाट ऐकू येतो.

मग मी यादी बाजूला ठेवून आधी घोषणेला वेळ किती मिळतो ते बघितलं. चढाई जास्तीत जास्त तीस सेकंदांची. त्या वेळात चढाईपटूचा 'कबड्डी कबड्डी'चा दम पंचांना ऐकू यावा लागतो. आमच्याकडे प्रेक्षक रेषेला टेकून बसतात, त्यामुळे चढाई चालू असताना कुणी बोंबललं की पंच माझ्याकडेच वळून बघतात. चढाई संपली की दुसऱ्या संघाला पाच सेकंदांत आपला गडी पाठवावा लागतो. म्हणजे घोषणेची जागा ती एवढीच. 'सागरगड सुपर वॉरियर्स' त्यात एकदा जेमतेम म्हणून होतं. मला असं नाव हवं होतं, जे त्या पाच सेकंदांत हाक आणि जबाब धरून दोनदा म्हणता येईल.

चाचणी सरावाच्या मैदानावरच घेतली. एका टोकाला वीस-बावीस पोरं, दुसऱ्या टोकाला मी, आणि मध्ये आमचा खालूबाजातला ढोलवाला. तो चार ठोके देणार, पोरांनी त्यात नाव बसवायचं आणि मला लांबून काय ऐकू येतं ते मी वहीत लिहायचं.

आरमारी शब्द घ्यायचे हे माझ्या डोक्यात पक्कं होतं. कुलाब्याचा किल्ला समोर उभा असताना वाघ-सिंह कशाला आणायचे? आंग्र्यांच्या लढाऊ जहाजाला गुराब म्हणत, म्हणून ते नाव मोठ्या हौसेने पहिलं घेतलं. पोरं ओरडली आणि मी वहीत लिहिलं: 'गुलाब'. पुन्हा ओरडायला लावलं, पुन्हा गुलाबच. ढोलवाला इतका हसला की ठोका चुकला. 'गलबत' ऐकायला तर बरं, पण चार अक्षरांत ओढायला एकही लांब स्वर नाही. पहिल्या हाकेतच ते बुडालं.

'आरमार' मात्र पहिल्या ठोक्याला बसलं. दोन्ही 'आ' तोंडभर उघडतात, आणि 'आर-मार, आर-मार' असं तोडून म्हटलं की मधला 'मार' आपोआप वर येतो. 'दर्यावर्दी'ही तसंच. दर्-या-वर्-दी, चारही अक्षरं जड, चार ठोक्यांवर चार पावलं टाकल्यासारखी, आणि शेवटची 'दी' हवी तेवढी लांबवता येते.

किनाऱ्यासमोरच्या दोन बेटांवरच्या किल्ल्यांची नावं, खांदेरी आणि उंदेरी, जोडीने घ्यावीत असा एका मालकाचा आग्रह होता. लांबून दोन्हींचा फक्त 'देरीऽ' ऐकू येतो, म्हणजे गुण कुणाला मिळाला तेच कळणार नाही. शिवाय शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये खांदेरी बांधायला घेतली आणि तिला शह द्यायला सिद्दीने उंदेरी धरली. ते नाव छातीवर कोण लावणार? हे मी समजावून सांगत होतो, तेवढ्यात मागून एक पोरगं म्हणालं, "काका, समोरचे 'उंदीर उंदीर' करतील ना!" तिथेच उंदेरी संपली. त्यानंतर प्रत्येक नावाला ही चिडवण्याची परीक्षा मी लावलीच. कबड्डीच्या प्रेक्षकाला दयामाया नसते.

एकट्या खांदेरीवर मात्र पोरं कुरकुरली. "म्हणजे आम्ही 'जिंकली' म्हणायचं?" मी म्हटलं, "किल्ला पडला नाही, एवढं पुरे ना?" तरी माईकवर 'खांदेरीचे वीर जिंकले' म्हणायचं कबूल करावं लागलं.

निवेदकाची म्हणून आणखी एक अडचण असते. सामन्यात मी नाव नुसतं फार कमी वेळा घेतो. 'अमक्याची चढाई', 'तमक्यावर लोण' असंच तोंडात येतं. 'खांदेरीची', 'दर्यावर्दीची' म्हणताना नाव जसंच्या तसं राहतं. पण बचाव तगडा असलेल्या एका संघाला 'कातळकडा' हवं होतं. घोषणेला नाव उत्तम, 'कातळऽ' अशी हाक आणि 'कडा!' असा जबाब. विभक्ती लागली की मात्र त्याचं 'कातळकड्याची' होतं आणि त्या 'ड्या'त जीभ वळते. मी सुचवलं, नुसतं 'कातळ' घ्या. मालक म्हणाले, "भाऊ, जीभ तुमची वळते. माझी पोरं कड्यासारखीच उभी राहणार." ठेवलं.

'वज्रमूठ' ताकदीचं होतं, पण राजकीय सभांना ते नाव लागून गेलंय म्हणून दोन मालक बिथरले. त्या जागी 'उधाण' आलं. 'ण'वर संपतं म्हणून मला शंका होती. पण ढोलवाल्यानेच तोड काढली: नुसतं नाव घ्यायचंच नाही. एकाने विचारायचं, "काय आलं?" आणि सगळ्यांनी म्हणायचं, "उधाण आलं!" मनगटावरच्या घड्याळात मोजलं. पाच सेकंदांत दोनदा, आरामात. उरलेली तीन नावं एका संध्याकाळी ठरली, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

पहिल्याच रात्री कातळकडा आणि आरमार भिडले. कातळकड्याचे तीनच गडी उरले असताना त्यांच्या डाव्या कोपऱ्याने घोट्याला मिठी मारली, बाकीचे दोघे तुटून पडले आणि अव्वल पकड झाली. मी माईक तोंडाशी नेऊन 'कातळऽ' अशी हाक दिली, पण तोवर पब्लिकने स्वतःचंच सुरू केलं होतं: "कडाकडा! कडाकडा! कडाकडा!" ढोलवाल्यानेही मला सोडून त्यांचा ठोका धरला.

दुसऱ्या दिवशी मालकांचा फोन आला. पुढच्या वर्षी जर्सीवर नुसतं 'कडाकडा' छापलं तर चालेल का, असं विचारत होते. मी आधी 'कडाकडाची चढाई' असं दोन-तीनदा म्हणून बघितलं. जीभ कुठे वळली नाही. म्हटलं, छापा.