आमची वाटचाल: उन्हाचे डाग काढणारं दुकान

2011 साली बीडला बसस्टँडमागं दहा बाय बाराच्या गाळ्यात दुकान टाकलं, तेव्हा पाटीवर 'पासपोर्ट फोटो, झेरॉक्स, लॅमिनेशन' एवढंच होतं. लग्नाचे अल्बम डिझाइन करायला लागलो ते दोन-तीन वर्षांनी, तेही शेजारच्या स्टुडिओवाल्याचा ऑपरेटर पुण्याला निघून गेला म्हणून. आज गेवराई, माजलगाव, अंबड, पैठणकडचे स्टुडिओ आमच्याकडं खास एका कामासाठी फोटो पाठवतात. आमच्यात त्याला 'उन्हाचं काम' म्हणतात. सूर्यासमोर काढलेल्या फोटोत हिरवे-जांभळे षटकोनी डाग पडतात, ते काढायचे आणि खालची नक्षी जशीच्या तशी ठेवायची. हे काम आम्ही शिकलो ते एक अल्बम परत आल्यावर.

प्री-वेडिंगचं वारं आपल्याकडं आलं तशी सगळी जोडपी संध्याकाळी नाथसागरावर जायला लागली. पाणी, लांबवर मावळता सूर्य, जोडपं मधे. फोटोग्राफर सूर्याकडं तोंड करून उभा, लेन्सवर धूळ बसू नये म्हणून लावलेला फिल्टर तसाच. अशाच एका फोटोत नवरीच्या अंगावर वांगी रंगाची पैठणी होती. सूर्य फ्रेमच्या वरच्या डाव्या कोपऱ्याजवळ, आणि खाली उजवीकडं पदरावरच्या मोरावर बरोबर एक फिकट हिरवा षटकोन बसलेला. आम्ही त्या काळात सगळ्या डागांना एकच औषध द्यायचो: क्लोन स्टॅम्प. शेजारचा चांगला तुकडा उचलायचा आणि डागावर चिकटवायचा. अर्ध्या तासात डाग गेला, आम्ही खूश, अल्बम छापून दिला.

चौथ्या दिवशी नवरीची आई दुकानात. माहेर पैठणचं, घरात माग. पान उघडून बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "आवं दादा, ह्या मोराची मान कुणी मोडली? अन् चोच काठात कशी घुसली?" मी भिंग घेऊन बघितलं. मान खरंच एका बाजूनं जाड झाली होती, आणि जरीच्या दोन रेघा अर्ध्यातच संपल्या होत्या. मला महिनाभर दिसलं नसतं. मी म्हणालो, "मावशी, करून देतो." पान परत छापलं, खर्च आमच्या अंगावर.

दुसऱ्या खेपेला हीलिंग ब्रश वापरून बघितला. तो आजूबाजूचा रंग घेऊन मिसळतो, त्यामुळं मोकळ्या आभाळात किंवा पाण्यात चांगला चालतो. पण गडद रेशीम आणि चमकती जर जिथं एकमेकांना भिडतात तिथं तो दोन्हींची सरासरी काढतो, आणि जर तूप वितळावं तशी पसरते. धाकटा भाऊ वैतागून म्हणाला, "दादा, खालचं सगळं दिसतंय की डागातून. मग आपण ते पुसून नवं कामून काढायलोत?"

सगळा धंदा त्या एका प्रश्नावर फिरला. हा डाग कापडावर पडलेल्या तेलासारखा नसतोच. जत्रेत पडद्यावर पिक्चर चालू असताना कुणी पोरानं हिरवी बॅटरी मारावी, तसा हा प्रकार आहे. चित्र तिथंच असतं, वरून थोडा उजेड जास्तीचा पडलेला असतो. लेन्समध्ये दहा-पंधरा काचा असतात. बिनलेपाच्या काचेचा प्रत्येक पृष्ठभाग सुमारे 4 टक्के उजेड मागं फेकतो. चांगल्या लेपानं ते अर्ध्या टक्क्याच्याही खाली येतं, पण सूर्यच इतका प्रखर की तेवढाही पुरतो. दोन काचांमध्ये आपटून आलेला तो उजेड आतल्या डायाफ्रामच्या, म्हणजे उजेड कमी-जास्त करणाऱ्या पात्यांच्या भोकाच्या आकारात उमटतो. सहा पात्यांचा असला तर षटकोन, आणि लेपामुळं हिरवा किंवा जांभळा. सूर्यापासून फ्रेमच्या मध्यातून सरळ रेघ ओढली तर असे डाग बहुतेक त्याच रेघेवर सापडतात. आम्ही आजही फोटो आला की आधी ही रेघ ओढतो. डाग रेघेवर नसला तर तो लेन्सवरचा थेंब नाहीतर कापडावरचा खराखुरा डाग असण्याचा संभव जास्त, आणि त्याचं औषध वेगळं.

जास्तीचा उजेड असेल तर तो वजा करायचा, इतकं सोपं वाटलं. फाइलमध्ये प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा, निळा असे 0 ते 255 मधले तीन आकडे असतात. डागाबाहेरच्या रेशमात हिरव्याचा आकडा 28 होता, डागाच्या आत 76. म्हणजे 48 जास्त. सगळ्या षटकोनातून 48 वजा केले. रेशीम झकास झालं, पण सोन्याची जर तांब्याची झाली. जरीवर बघितलं तर बाहेर हिरवा 158 आणि आत 170, फरक फक्त 12. डाग एकच, उजेड एकच, मग एका ठिकाणी 48 आणि दुसऱ्या ठिकाणी 12 कसे?

याचं उत्तर मिळायला आम्हाला एक अख्खी लगनसराई लागली. फाइलमधले आकडे उजेडाच्या सरळ प्रमाणात नसतात. डोळ्याला अंधारातले बारीक फरक जास्त कळतात, म्हणून फाइलमध्ये गडद बाजूला जास्त पायऱ्या आणि उजळ बाजूला कमी पायऱ्या दिलेल्या असतात. चिमूटभर उजेड काळोखात टाकला तर आकडा उडी मारतो, तोच उजळ जागी टाकला तर जेमतेम सरकतो. त्यामुळं वजाबाकी करायची ती त्या आकड्यांची नाही, खऱ्या उजेडाची.

आम्ही ते जिंप नावाच्या फोटोच्या सॉफ्टवेअरमध्ये करतो. 2.10 पासून त्यात ही सोय आहे आणि पैसे पडत नाहीत. फोटो शक्यतो रॉमधून, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमधून, 16 बिटचा काढायचा आणि `Image` मेनूतल्या `Precision` मध्ये `32 bit floating point` करायचा. वर एक काळा लेयर घ्यायचा, त्याचा मोड `Subtract`, आणि लेयरवर राइट क्लिक करून `Blend Space` मध्ये linear निवडायचं. तिथं perceptual राहिलं की जर पुन्हा तांब्याची होण्याची भीती. काळा लेयर काहीच वजा करत नाही, म्हणून सुरुवातीला फोटो जसाच्या तसा दिसतो. मग षटकोनाच्या सहा बाजू पाथनं आखायच्या, कड दोन-तीन पिक्सेल मऊ करायची आणि आत गडद हिरवा रंग भरायचा. त्या पैठणीत तो रंग लाल 33, हिरवा 69, निळा 48 असा निघाला. पडद्यावर तो जवळजवळ काळाच दिसतो, नवीन पोरांचा विश्वासच बसत नाही.

रंग जुळवायचा तो नेहमी गडद कापडावर, कारण चूक तिथंच मोठी दिसते. कलर पिकरनं एका पिक्सेलचं माप घ्यायचं नाही, धाग्याधाग्याला आकडा बदलतो. सरासरीचा चौकोन मोठा ठेवायचा. रेशीम आत-बाहेर सारखं झालं की मग जरीकडं बघायचं. हिशोब बरोबर असेल तर जर आपोआप जागेवर येते, तिला हातही लावावा लागत नाही. पहिल्यांदा ते झालं तेव्हा भाऊ आणि मी दोघंही गप्प बसून मोराची मान बघत होतो.

अर्थात डाग एकसारखा क्वचितच असतो. त्या षटकोनाची सूर्याकडची कड बाकीपेक्षा उजळ होती, म्हणून तिच्यासाठी दुसरा लेयर केला, त्यात रंग कडेपासून आत विरत जाणारा. काम झालं का हे नुसत्या डोळ्याला कळत नाही. `New from Visible` नं एक प्रत करायची आणि तिचं सॅच्युरेशन, म्हणजे रंगांचा भडकपणा, वाट्टेल तेवढं वाढवायचं. कमी वजा झालं असेल तर षटकोन हिरवा उठतो, जास्त झालं असेल तर गुलाबी-जांभळा. बघितलं की ती प्रत फेकून द्यायची. आमच्या घरची ह्यात पटाईत आहे. तिनं नुसतं मागून जाता जाता "डावीकडं अजून हिरवं आहे" म्हणावं आणि असावंच.

जेपेगवर हे इतकं चोख बसत नाही. कॅमेऱ्यानं आधीच उजेडाला स्वतःचं वळण दिलेलं असतं, म्हणून वजाबाकी ऐंशी-नव्वद टक्के काम करते आणि उरलेली झाक कलर मोडच्या लेयरवर फिक्या ब्रशनं मारावी लागते. व्हॉट्सअॅपवरून आलेला फोटो तर आम्ही घेतच नाही. सावलीतून वजाबाकी केली की फोटो दाबून लहान करताना पडलेले चौकोन वर येतात. त्यापेक्षा स्टुडिओवाले पेनड्राइव्ह एसटीच्या ड्रायव्हरजवळ देतात, ते परवडलं.

दुसरी मर्यादा खुद्द सूर्याची. डागाखाली माहिती असते, सूर्याच्या गोळ्यात ती नसते. तिन्ही रंग 255 ला जाऊन थांबलेले, त्यातून काय वजा करणार? सुरुवातीला एका गिऱ्हाइकाच्या आग्रहाखातर आम्ही तो गोळा गडद केला, तर आभाळात राखाडी रुपया चिकटवल्यासारखं दिसायला लागलं. आता मधला पांढरा भाग तसाच ठेवतो आणि फक्त भोवतीचं तेजाचं कडं आत ओढतो, म्हणजे गोळा लहान वाटतो. कड्यात बहुतेक एकटा लालच 255 ला थांबलेला असतो, निळा-हिरवा शाबूत असतात. रॉमध्ये हायलाइट खाली घेतले की तिथं केशरी छटा परत येते. हे 16 बिटलाच करायचं आणि शेवटी बारीक दाणा टाकायचा, नाहीतर आभाळात कांद्यासारखे पापुद्रे दिसतात. मोरावरच्या षटकोनातही जरीचे तीन-चार धागे असे पूर्ण पांढरे झालेले होते. ते मात्र पदरावरच्या दुसऱ्या मोरावरून आणले. पैठणीत मोर पुन्हा पुन्हा येतो, हे आमचं नशीब. चेहऱ्यावर कातडीच पांढरी पडलेली असली तर आम्ही नाही म्हणतो.

सगळ्यात जास्त पैसे मात्र आम्ही हे काम कमी करायला सांगूनच मिळवले, असं बायको चेष्टेनं म्हणते. स्टुडिओवाल्यांना आम्ही सांगितलं, उन्हासमोर तो फिल्टर काढा. आणि स्टँडवर कॅमेरा असेल तर एक फ्रेम जास्तीची घ्या: हात लांब करून बोटानं नेमका सूर्य झाकायचा. बोट फोटोत येतं, येऊ द्या. थेट ऊन लेन्सवर पडलं नाही की षटकोनही नाही. मग पदराचा तेवढाच तुकडा त्या फ्रेममधून घ्यायचा. नवरी जरा हलली आणि तुकडा बसला नाही, तरी रेशमाचा खरा रंग काय हे तरी कळतं, आणि वजाबाकीला तेवढं पुरतं.

पैठणकडचा एक जण अजून विसरतो. फोन आला की मी आधी तेच विचारतो, "बोटाची फ्रेम हाय का?" तिकडून थोडा वेळ काहीच आवाज येत नाही, मग म्हणतो, "पेनड्राइव्ह लावून दिलाय दादा, साडेचारच्या गाडीनं."