आमची वाटचाल : आठवड्याच्या गोळीचे मराठी

औषधांच्या माहितीपत्रकांचे भाषांतर करणाऱ्या आमच्या व्यवसायात मोबदला शब्दावर ठरतो, आणि तोही मूळ इंग्रजी शब्दावर. 'वन्स वीकली' हे मूळ पत्रकातले दोन शब्द सत्तरीच्या रुग्णाला धोका न उरेल अशा मराठीत सांगायचे, तर आम्हाला तीन वाक्ये लागतात. बिल मात्र दोन शब्दांचेच होते. या एका सूचनेने आमची संस्था जवळपास बुडाली आणि पुढे तिनेच आम्हाला उभे केले. त्यामुळे इतर वर्षांबद्दल फारसे न लिहिता मी तिच्याबद्दलच लिहिणार आहे.

पुण्यात आम्ही सुरुवात केली ती नव्या औषधांच्या रुग्णांवरील चाचण्यांच्या संमतिपत्रांपासून, आणि ते काम आजही चालू आहे. माझ्या भागीदार बाई फार्मासिस्ट. त्यांचे निम्मे आयुष्य औषधाच्या दुकानात काउंटरमागे गेले होते आणि भाषांतराचा अनुभव शून्य होता. मात्र कागदावरची सूचना घरी गेल्यावर काय होते, हे त्यांच्याइतके नेमके सांगणारा माणूस मला भेटलेला नाही. दुकानदार पाकिटावर १-०-१ लिहून देतो, आणि सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक ही खूण आपल्याकडे ज्येष्ठांना पाठ असते. म्हणून 'दिवसातून दोनदा' असे मोघम लिहू नये, 'सकाळी १ गोळी, रात्री १ गोळी' असे लिहावे, हा त्यांचा पहिला नियम होता. अमेरिकेत २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातही हेच दिसले होते. 'दोन गोळ्या दिवसातून दोनदा' ही सूचना कमी साक्षर रुग्णांपैकी सुमारे ७१ टक्क्यांनी बरोबर सांगितली, पण दिवसाच्या एकूण गोळ्या मोजून दाखवणे सुमारे ३५ टक्क्यांनाच जमले. बाईंचा दुसरा नियम असा की १-०-१ ही खूण रोजच्या औषधापुरतीच आहे. तिच्यात आठवड्याला जागाच नाही.

हा दुसरा नियम किती मोलाचा आहे ते मेथोट्रेक्सेटच्या पत्रकाने दाखवले. संधिवातासाठी हे औषध आठवड्यातून एकच दिवस घेतात आणि सुरुवात पुष्कळदा ७.५ मिलिग्रॅमने होते, म्हणजे २.५ मिलिग्रॅमच्या ३ गोळ्या. तीच मात्रा रोज घेतली गेली, तर काही दिवसांतच तोंड येते, अस्थिमज्जेतली पेशींची निर्मिती मंदावते, रक्तातल्या पेशी उतरतात, आणि मूत्रपिंड थकलेल्या वृद्धांच्या जिवावर बेतते. अशा चुका जगभर झाल्या आहेत. युरोपीय औषध संस्थेने २०१९ साली वेष्टणावर ठळक इशारा आणि रुग्णासाठी स्वतंत्र कार्ड असावे असे सांगितले, ते त्यामुळेच. आपल्याकडे आणखी एक अडचण अशी की हेच औषध २.५, ५, ७.५ आणि १० मिलिग्रॅमच्या गोळ्यांत मिळते. नुसते '३ गोळ्या' लिहिले आणि दुकानातून ७.५ची पट्टी हाती पडली, तर मात्रा तिप्पट होते.

एका औषध कंपनीने हे पत्रक आमच्याकडे दिले तेव्हा तिचे काम आमच्या उलाढालीचा मोठा भाग होते. आम्ही आधी नेहमीप्रमाणे दोघांकडून स्वतंत्र भाषांतरे करून घेतली. एकाने 'दर आठ दिवसांनी' लिहिले, दुसऱ्याने 'आठवड्यातून एकदा'. 'आठ दिवसांनी या' म्हणजे पुढच्या आठवड्यात त्याच वारी, हे बोलण्यात सर्वांना कळते; पण दिनदर्शिकेवर खुणा करणारे आजोबा खरोखरच आठ घरे मोजतात, आणि गोळीचा वार दर आठवड्याला एकाने पुढे सरकतो. दुसरे भाषांतर चुकीचे नव्हते, पण त्यात वार नव्हता, आणि ज्या औषधाला वार नाही ते रोजच्या औषधांच्या डबीत जाऊन बसते.

म्हणून आम्ही वाक्य वारावर बांधले. 'हे औषध आठवड्यातील फक्त एकाच वारी घ्यायचे आहे. तुमचा वार : (डॉक्टरांनी लिहावा). त्या वारी २.५ मिलिग्रॅमच्या ३ गोळ्या घ्या; उरलेल्या ६ दिवसांत हे औषध घेऊ नका.' पत्रकात जिथे जिथे गोळ्यांचा आकडा आला, तिथे गोळीची ताकद आम्ही पुन्हा लिहिली. एका ओळीत ती दोनदा आली तर संपादकाला खटकते, पण हे पत्रक संपादकासाठी छापलेले नसते. काही डॉक्टर हीच मात्रा त्याच दिवशी विभागून देतात, त्यामुळे 'एकाच वेळी' हे शब्द घालावेत की नाहीत, हे आम्ही शंकापत्रकात कंपनीच्या वैद्यकीय विभागाला विचारले. असे प्रश्न भाषांतरकाराने स्वतःच्या अधिकारात सोडवू नयेत.

त्यानंतरची चाचणी हे आमच्या संस्थेचे खरे हत्यार, आणि त्याबद्दल मी थोडे अभिमानानेच लिहितो. आमच्या टेबलावर सात कप्प्यांची गोळ्यांची डबी असते आणि तुळशीबागेतून आणलेली पिवळ्या रंगाची बटणे असतात. पिवळी अशासाठी की मेथोट्रेक्सेट आणि त्याच्या जोडीला दिले जाणारे फॉलिक अॅसिड, या दोन्ही गोळ्या पुष्कळदा पिवळ्याच असतात. साठीपुढच्या वाचकाला पत्रक हाती द्यायचे, त्याचा चष्मा त्याच्या डोळ्यांवर असल्याची खात्री करायची आणि म्हणायचे, 'आजी, आता या आठवड्याची डबी भरून दाखवा.' 'समजलं का?' असे विचारू नये. त्या प्रश्नाला आपल्याकडे सगळे 'हो' म्हणतात, कारण 'नाही' म्हणणे त्यांना संकोचाचे वाटते. युरोपात याची मोजणी ठरलेली आहे : दर दहांपैकी नऊ वाचकांना माहिती सापडली पाहिजे, आणि सापडलेल्यांपैकी नव्वद टक्क्यांना ती समजली पाहिजे. आम्ही तोच निकष धरला. आमच्या मसुद्यावर बटणे एका कप्प्यात तीन अशी पडली, तेव्हाच आम्ही तो कंपनीकडे पाठवला.

कंपनीच्या खरेदी विभागाने बिलावरचा चाचणीचा आकडा पाहिला आणि सगळ्या भारतीय भाषा एकाच छताखाली करणाऱ्या दुसऱ्या एका संस्थेला काम दिले. त्यांचा मराठी मजकूर हिंदीवरून केलेला होता, हे 'दिवसात दोनदा' या प्रयोगावरूनच कळत होते. त्यांचे दर आमच्या निम्म्याहून कमी होते, आणि आमच्या बटणांना त्यांच्या प्रतिनिधीने बैठकीत 'खेळ' म्हटले होते, हे मी विसरलेलो नाही. मेथोट्रेक्सेटच्या पत्रकात त्यांनी 'आठवड्यातून ३ गोळ्या घ्याव्यात' असे छापले. उत्सुकतेपोटी आम्ही तेच वाक्य आमच्या नेहमीच्या वाचकांपुढे ठेवले, तेव्हा सोमवार, बुधवार आणि शुक्रवार या तीन कप्प्यांत एकेक बटण पडले. वाचणाऱ्याचे काहीच चुकले नव्हते, कारण वाक्य तसेच सांगत होते.

त्याहून वाईट गोष्ट अक्षरजुळणीत होती. मराठीत नकार क्रियापदानंतर, वाक्याच्या अगदी शेवटी येतो. अरुंद स्तंभात 'हे औषध रोज घेऊ' इथे ओळ संपली होती आणि 'नका' पुढच्या ओळीच्या डाव्या कोपऱ्यात गेले होते. त्यातही 'रोज' हा शब्द त्यांनी लक्ष वेधावे म्हणून ठळक केला होता. भिंग फिरवत वाचणाऱ्या माणसाला पहिली ओळ पूर्ण वाटते. आम्ही 'घेऊ' आणि 'नका' यांच्यात न तुटणारी मोकळी जागा घालतो आणि छपाईला जाण्याआधी प्रत्येक 'नका' हाताने तपासतो. 'रोज' हा शब्द तर आम्ही त्या वाक्यात येऊच देत नाही.

कंपनी गेल्यावर दोन सहकारी गेले, कार्यालय सुटले, आणि आम्ही बाईंच्या घरच्या गॅलरीत टेबल मांडले. त्या काळात आम्हाला धरून ठेवले ते एका संधिवाततज्ज्ञ डॉक्टरीणबाईंनी. त्यांच्याकडे एक वृद्ध रुग्ण तोंड येऊन आल्या होत्या, गोळी आठवडाभर रोज चालू होती. दोष पत्रकाचाच होता असे मी म्हणत नाही, कारण दुकानाच्या पाकिटावर १-०-० असे लिहिलेले होते. डॉक्टरीणबाईंनी मात्र त्यानंतर आपल्या दवाखान्यासाठी स्वतंत्र कार्ड करून मागितले, चाचणीचे पैसे घासाघीस न करता दिले, आणि आजही नवे औषध सुरू करताना त्या आधी आम्हाला फोन करतात.

त्या कार्डावर आम्ही सर्वाधिक वेळ घालवला तो चुकलेल्या मात्रेवर. इंग्रजी पत्रकांत पुष्कळदा असे असते की राहिलेली मात्रा दोन दिवसांच्या आत आठवली तर घ्यावी, त्यानंतर आठवली तर सोडून द्यावी. आता सोमवारची गोळी राहिली, तर दोन दिवस कुठपर्यंत? आपल्याकडे पुष्कळ जण पहिला दिवसही मोजतात. त्यांच्या हिशेबाने मंगळवारीच मुदत संपते. डॉक्टरीणबाईंना विचारून आम्ही वार लिहूनच टाकले : 'तुमचा वार सोमवार असेल आणि गोळ्या राहिल्या असतील, तर मंगळवारी किंवा बुधवारी घ्या. गुरुवारी किंवा त्यानंतर आठवले, तर त्या आठवड्यात घेऊ नका. पुढच्या सोमवारी नेहमीइतक्याच गोळ्या घ्या, दुप्पट घेऊ नका.' सात वारांची सात कार्डे छापली आणि डॉक्टर त्यांतले एकच कार्ड रुग्णाला देतात. छपाई महाग पडली, पण सातही वार एकाच तक्त्यात दिले तेव्हा आमच्या वाचकांची बोटे शेजारच्या ओळीवर घसरत होती.

या व्यवसायात येऊ पाहणाऱ्यांनी विचारलेले नसले, तरी सांगतो. '1/2' असे कधीही छापू नये, ते 'एक-दोन गोळ्या' असे वाचले जाते. 'अर्धी गोळी' असे अक्षरी लिहावे. 'रिकाम्या पोटी' लिहिल्यावर चहा चालतो का, हे त्याच ओळीत सांगावे, कारण पुष्कळांच्या लेखी चहाने पोट भरत नाही आणि थायरॉइडची गोळी त्या चहाबरोबरच जाते. आणि चाचणीचे पैसे शब्दांच्या दरात मिसळू नयेत. ते बिलात वेगळ्या ओळीवर दाखवावेत आणि ती ओळ ज्याला नको त्याचे काम घेऊ नये.

ती दुसरी संस्था आता आपली मराठी पत्रके 'अंतिम नजर' टाकण्यासाठी आमच्याकडे पाठवते, शब्दामागे दर लावून. आम्ही त्यांना तासाचा दर आणि चाचणीचा खर्च कळवतो. अजून एकाही पत्रकाला त्यांचा होकार आलेला नाही.