पीक गेल्यावर मुलाच्या फीचे हप्ते मागताना लिहिलेला अर्ज : माझा अनुभव

सप्टेंबर २०२५ च्या शेवटच्या आठवड्यात सीना नदीचे पाणी आमच्या शिवारात शिरले, तेव्हा सोयाबीन काढणीला आले होते. माझी एकूण जमीन चार एकर आहे. त्यांपैकी तीन एकरांत सोयाबीन आणि मध्ये तुरीच्या ओळी होत्या. पाणी ओसरल्यावर शेतात गेलो, तर खालच्या दोन एकरांतील झाडे चिखलात आडवी झालेली होती आणि शेंग सोलून पाहावी तर आत दाण्याला पांढरा कोंब फुटलेला होता. वरच्या अंगाला असलेले एक एकर काय ते काढण्याजोगे राहिले. त्यातून सात क्विंटल माल निघाला, पण तो डागी असल्यामुळे अडत्याने क्विंटलला ३,१५० रुपये दर दिला. त्या हंगामाचा हमीभाव ५,३२८ रुपये होता.

माझा मुलगा एका खाजगी विनाअनुदानित महाविद्यालयात कृषी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेतून त्याच्या शिक्षण शुल्काचा अर्धा भार शासन उचलते. उरलेले शुल्क, वसतिगृह आणि खानावळ मिळून ७८,००० रुपये ३१ ऑक्टोबरपर्यंत भरायचे होते. दरवर्षी ही रक्कम सोयाबीनच्या पट्टीतून, म्हणजे विक्रीच्या पैशातून, जात असे. या वर्षी ती पट्टीच गेली. परीक्षेचे अर्ज नोव्हेंबरमध्ये होते आणि थकबाकी असलेल्या विद्यार्थ्याचा अर्ज पुढे पाठवला जात नाही, हे मुलाने मला फोनवर हळू आवाजात सांगितले.

मी पहिला अर्ज १३ ऑक्टोबरला लिहिला. दोन पाने भरून मी पुराचे वर्णन केले, घरची परिस्थिती लिहिली आणि शेवटी ‘तरी सहानुभूतीपूर्वक विचार करून शुल्क भरण्यास मुदत द्यावी’ अशी विनंती केली. त्यातील एकही शब्द खोटा नव्हता. तो अर्ज घेऊन मी महाविद्यालयात गेलो, तेव्हा लेखा विभागातील लिपिकाने तो पूर्ण वाचला आणि मला विचारले, “काका, किती मुदत पाहिजे? किती रक्कम कधी भरणार? साहेब यावर काय शेरा मारतील?” मला उत्तर देता आले नाही. त्यांनी अर्ज अपमान करून नव्हे, तर समजावून सांगून परत दिला. अधिष्ठाता साहेबांच्या टेबलावर असे बरेच अर्ज येतात आणि ज्यात तारीख व रक्कम नसते, त्यांवर ‘नियमानुसार कार्यवाही करावी’ एवढाच शेरा पडतो, असे ते म्हणाले. नियमानुसार कार्यवाही म्हणजे विलंब शुल्क.

घरी येताना बसमध्ये मी तोच विचार करत होतो. पैसे नाहीत हे सांगणे सोपे होते. पैसे कोणत्या दिवशी, कशातून आणि किती येतील, हे मी स्वतःलाही कधी विचारले नव्हते. रात्री पत्नीसोबत बसून आम्ही वहीवर हिशोब मांडला. डागी सोयाबीनचे २२,०५० रुपये आले होते. त्यातून काढणी आणि मळणीचे पैसे वजा जाता सोळा हजारांच्या आसपास हातात होते, आणि दुधाच्या बिलातून दोन हजार काढता येणार होते. वरच्या अंगाची तूर उभी होती. ती जानेवारीत निघाली असती आणि चार क्विंटल धरली तरी पंचवीस हजारांच्या पुढे जात होती. वाफसा आल्यावर तीनही एकरांत हरभरा पेरायचे ठरले होते. त्याचे बियाणे कृषी सेवा केंद्रातून उधारीवर मिळत होते आणि माल मार्चमध्ये हाती येणार होता.

या हिशोबात आम्ही दोन रकमा मुद्दाम धरल्या नाहीत. एक म्हणजे शासनाची मदत. जिरायत पिकासाठी हेक्टरी ८,५०० रुपये या दराने माझ्या १ हेक्टर २० आर क्षेत्राचे १०,२०० रुपये होत होते, पण ते खात्यावर कोणत्या दिवशी पडतील हे मी ठरवू शकत नव्हतो. दुसरी रक्कम पीक विम्याची. खरीप २०२५ मध्ये आपल्या राज्यात विम्याची भरपाई पीक कापणी प्रयोगातून निघणाऱ्या महसूल मंडळाच्या सरासरी उत्पादनावर ठरणार होती. ज्याच्या शेतात पाणी शिरले त्याचे वेगळे मोजमाप त्यात होणार नव्हते. ती भरपाई मिळेल की नाही, हेच आधी सांगता येत नव्हते. अशा पैशांच्या भरवशावर तारीख लिहून दिली आणि ती चुकली, तर पुढचा अर्ज कोणी वाचणार नाही, हे मला स्पष्ट दिसत होते. म्हणून जे माझ्या शेतातून आणि गोठ्यातून निघणार होते, तेवढेच मी कागदावर आणले.

दुसरा अर्ज एका पानाचा झाला. त्याचा मुख्य भाग येथे जसाच्या तसा देत आहे.

“प्रति, मा. अधिष्ठाता साहेब. विषय : अतिवृष्टीमुळे खरीप पिकाचे नुकसान झाल्याने उर्वरित वार्षिक शुल्क तीन हप्त्यांत भरण्यास परवानगी मिळणेबाबत.

महोदय, वरील विषयास अनुसरून विनंती करतो की, माझा मुलगा आपल्या महाविद्यालयात तृतीय वर्षात शिकत असून त्याचे ७८,००० रुपये शुल्क ३१ ऑक्टोबरपर्यंत भरणे आवश्यक आहे. सप्टेंबरमधील अतिवृष्टी व पुरामुळे माझ्या १ हेक्टर २० आर क्षेत्रावरील सोयाबीनचे नुकसान झाले असून त्याचा पंचनामा झालेला आहे. माझ्या कुटुंबाचे उत्पन्न याच शेतीवर अवलंबून आहे.

मी शुल्क माफीची मागणी करत नाही. संपूर्ण रक्कम याच शैक्षणिक वर्षात पुढीलप्रमाणे भरण्याची माझी तयारी आहे : १८,००० रुपये या अर्जासोबत, २५,००० रुपये तुरीच्या विक्रीतून ३१ जानेवारीपर्यंत आणि ३५,००० रुपये हरभऱ्याच्या विक्रीतून ३१ मार्चपर्यंत. या मुदतीत रक्कम भरल्यास विलंब शुल्क आकारू नये आणि थकबाकीच्या कारणावरून माझ्या मुलाचा परीक्षा अर्ज व प्रवेशपत्र रोखू नये, ही नम्र विनंती.”

विलंब शुल्क आणि परीक्षा अर्ज यांचे वाक्य मी शेजारच्या गावातील एका निवृत्त मुख्याध्यापकांच्या सांगण्यावरून घातले. माझ्या मनात होते की हप्ते मंजूर झाले म्हणजे बाकीचे आपोआप होईल. त्यांनी मला समजावले की हप्त्यांची परवानगी लेखा विभागाकडे जाते आणि परीक्षा अर्जाचे काम परीक्षा विभागाकडे असते. एका विभागाला दिलेला शेरा दुसऱ्या विभागाला लागू होतोच असे नाही, म्हणून दोन्ही गोष्टींवर साहेबांची मान्यता एकाच कागदावर घ्यावी. हे त्यांनी सांगितले नसते, तर नोव्हेंबरमध्ये मुलाला पुन्हा धावपळ करावी लागली असती.

अर्जासोबत मी मोजकेच कागद जोडले. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा काढला, तेव्हा ऑगस्टमध्ये केलेल्या ई-पीक पाहणीमुळे गाव नमुना बारामध्ये सोयाबीन आणि तूर या दोन्ही पिकांची नोंद दिसत होती. तुरीची नोंद असणे माझ्या दृष्टीने महत्त्वाचे होते, कारण जानेवारीचा हप्ता तिच्यावर उभा होता. मग तलाठी कार्यालयातून बाधित शेतकऱ्यांच्या यादीचा माझ्या नावाचा उतारा घेतला आणि सोयाबीनच्या पट्टीची झेरॉक्स लावली. शेताचे फोटो दोनच लावले. एकात चिखलात लोळलेले पीक होते आणि दुसऱ्यात हातावर घेतलेली कोंब आलेली शेंग होती. अर्जावर माझ्या सहीखाली मुलाची सही, हजेरी क्रमांक आणि विभागप्रमुखांची ‘शिफारस’ अशी सही होती. विभागप्रमुखांनी मुलाची हजेरी आणि मागील सत्राचा निकाल पाहूनच सही केली.

१७ ऑक्टोबरला अर्ज देताना मी दोन प्रती नेल्या. एक आवक विभागात दिली आणि दुसरीवर आवक क्रमांक, तारीख व शिक्का घेतला. दिवाळीनंतर साहेबांनी मला भेटीला बोलावले. त्यांनी अर्ज समोर ठेवून एकच प्रश्न विचारला, की हरभरा अजून पेरलेला नसताना मार्चची रक्कम मी कशी लिहितो. मी सांगितले की उशिरा पेरणीमुळे एकरी पाचच क्विंटल धरले आहे आणि बियाण्याची उधारी फेडूनही ३५,००० रुपये निघतात. पंचनाम्यापेक्षाही या उत्तरावर त्यांनी जास्त विचार केला असे मला वाटते. त्यांनी अर्जावरच मंजुरी लिहिली आणि लेखा व परीक्षा या दोन्ही विभागांना प्रत देण्यास सांगितले.

लेखा विभागाने मात्र पुढील दोन हप्त्यांचे आगाऊ तारखेचे धनादेश मागितले. येथे मी थांबलो. खात्यात पैसे नसल्यामुळे धनादेश परत गेला, तर तो परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ खाली गुन्हा ठरू शकतो, आणि शेतमालाचा पैसा चार-आठ दिवस मागेपुढे होतोच. मी साहेबांना पुन्हा भेटून ही अडचण मोकळेपणाने सांगितली आणि धनादेशाऐवजी साध्या कागदावर माझे व मुलाचे हमीपत्र घेण्याची विनंती केली. त्यांनी ती मान्य केली. मी धनादेश मुकाट्याने दिले असते, तर पुढे जे झाले त्यात मी अडकलो असतो.

सप्टेंबरच्या ओलीमुळे तुरीची वाढ लांबली आणि जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यातही शेंगा हिरव्या होत्या. ३१ तारीख गाठता येणार नाही हे दिसताच मी २४ जानेवारीला महाविद्यालयात जाऊन पाच ओळींचा अर्ज दिला. त्यात मूळ मंजुरीचा आवक क्रमांक लिहिला आणि १२ फेब्रुवारीपर्यंत मुदत मागितली. मुदत संपण्याआधी कळवले म्हणून लिपिकाने तो त्याच दिवशी पुढे पाठवला आणि विलंब शुल्क लागले नाही. तुरीचे २५,००० रुपये मी ११ फेब्रुवारीला भरले.

हरभरा अपेक्षेपेक्षा थोडा कमी, तीन एकरांत तेरा क्विंटल निघाला. २७ मार्चला शेवटचे ३५,००० रुपये भरले, तेव्हा लिपिकाने आमचे हमीपत्र फाइलमधून काढून त्यावर ‘रक्कम पूर्ण जमा’ असे लिहिले आणि पावतीसोबत ते माझ्या हाती दिले.