एक्केचाळीस दिवस With Editor आणि कामाची एक ओळ

कांदा चाळीतल्या साठवणुकीवरचा माझा संशोधनाचा पेपर जर्नलच्या साइटवर ४१ दिवस With Editor, म्हणजे संपादकाकडेच, असा दिसत होता. मग एका सकाळी निफाडच्या बसमध्ये मेल आला: तपासणाऱ्या तज्ज्ञांकडे, म्हणजे रिव्ह्यूअरकडे, न पाठवताच नाकारला. डेस्क रिजेक्शन. नाकारायचाच होता तर एवढे दिवस का ठेवला, हा राग अजून गेलेला नाही.

मेलच्या सुरुवातीला ठरावीक मजकूर होता: पेपर फार येतात, जागा मर्यादित आहे. तो सगळ्यांनाच जातो, त्यात आपल्या पेपरबद्दल काहीच नसतं. मी मात्र आठवडाभर तेवढाच वाचत बसले. फक्त माझ्या पेपरला लागू पडेल अशी ओळ खाली होती: निष्कर्षाच्या मानाने प्रयोगात पुनरावृत्ती पुरेशी नाही.

मला ते पटेना. एक साधी चाळ, एक खालून हवा खेळणारी, प्रत्येकीत १५ क्रेट. तीस क्रेट मी दर पंधरा दिवसांनी स्वतः वजन केले होते! अपील लिहायला घेतलं, तेव्हा सर म्हणाले, "अगं, क्रेट मोजू नकोस, चाळी मोज."

मग उलगडलं. एका चाळीतले १५ क्रेट एकाच छपराखाली, एकाच हवेत. ती चाळ सावलीत असेल तर पंधराही सावलीत. म्हणजे प्रत्येक प्रकाराची माझ्याकडे एकच चाळ होती, आणि फरक तळाच्या हवेमुळे पडला की जागेमुळे, हे सांगताच येत नव्हतं. हा दोष भाषा सुधारून जात नाही. अपील संपादकाने वस्तुस्थितीच चुकीची वाचली असेल तरच करावं. इथे तसं नव्हतं.

पुढच्या रब्बीला पाच शेतकरी शोधले, ज्यांच्याकडे दोन्ही प्रकारच्या चाळी शेजारीशेजारी होत्या. दोन्हींत एकाच शेतातला, एकाच दिवशी काढलेला कांदा भरला. क्रेटची सरासरी काढून तुलना त्याच शेतकऱ्याच्या दोन चाळींत केली. फरक पहिल्यापेक्षा कमी निघाला, एका ठिकाणी तर उलटा. तसाच लिहिला.

हो, मेलमध्ये 'स्थानिक स्वरूपाचा' असाही शेरा होता, तो मला नाशिकचा अपमान वाटला होता. खरं तर माझी प्रस्तावनाच जिल्ह्यातल्या कांद्याच्या क्षेत्रापासून सुरू होत होती, प्रश्न तिसऱ्या पानावर. आता पहिल्या परिच्छेदातच प्रश्न आहे: खालच्या हवेने सड कमी होते, पण कांदा सुकून वजन जास्त घटतं का? त्यासाठी सड, कोंब आणि सुकवा वेगवेगळे मोजले.

त्याच जर्नलने पुन्हा पाठवा असं म्हटलं नव्हतं, म्हणून दुसरीकडे पाठवला. एक लक्षात ठेवा, नकार आल्यावर लगेच दुसरीकडे पाठवता येतो, पण एकाच वेळी दोन ठिकाणी नाही. काल अकराव्या दिवशी तिथे Under Review दिसलं, म्हणजे या वेळी पेपर रिव्ह्यूअरपर्यंत पोचला.