बहिणीचं लग्न आणि दोन एकादश्यांमधली तारीख

2025 च्या जूनमध्ये बहिणीचं जमलं. मुलगा शिरपूरकडचा, आम्ही पारोळ्याजवळचे. माझा हिशोब सोपा होता. आषाढी एकादशी 6 जुलैला, म्हणजे हातात अजून तीन आठवडे आहेत, तेवढ्यात उरकून टाकू. तारीख काढायला गुरुजींकडे गेलो, तर त्यांनी पंचांग माझ्याकडे वळवून दाखवलं. गुरू मावळला होता. सूर्याच्या फार जवळ गेल्यामुळे तो दिसेनासा होतो, त्याला अस्त म्हणतात. गुरू किंवा शुक्र अस्तात असला की लग्नाचे मुहूर्त देत नाहीत. हा अस्त थेट आषाढी एकादशीच्या आसपासपर्यंत होता. म्हणजे एकादशी दूर असली, तरी आमचं दार आधीच बंद झालेलं.

मुलाच्या काकांनी श्रावणातली तारीख सुचवली, कारण पंचांगात चातुर्मासातलेही काही मुहूर्त छापलेले असतात. पण त्यांचं शीर्षक वाचायचं असतं: गौणकाल, आपत्काल. घरात कुणी अत्यवस्थ आहे, नाहीतर लगेच परदेशी जायचंय, अशांसाठी ते. आमची तशी काही अडचण नव्हती. आजीने तर विषयच मिटवला, "देव जपी ग्या, आते लगीन काय?" आषाढ शुद्ध एकादशीला विष्णू निजतो आणि कार्तिक शुद्ध एकादशीला उठतो. ज्याच्या साक्षीने लग्न लावायचं, तोच निजलेला, ही तिची साधी समजूत. मला स्वतःला त्यामागे शेतीही दिसते. त्या चार महिन्यांत आमच्याकडे निंदणी-कोळपणी चालते, वाटा चिखलाच्या असतात आणि घरातला पैसा कपाशीत अडकलेला असतो. पहिली वेचणी झाल्याशिवाय मांडवाचा खर्च कुठून काढायचा?

मग मी धरून बसलो की कार्तिकी 2 नोव्हेंबरला, पौर्णिमेला म्हणजे 5 तारखेला तुळशीची लग्नं संपतील, लगेच आपलं करू. इथेच मी दुसऱ्यांदा चुकलो. एकादशी चंद्राच्या तिथीवर येते, पण लग्नासाठी सूर्य कोणत्या राशीत आहे हेही बघतात. कार्तिकात तो वृश्चिकेत हवा, आणि 2025 मध्ये तो 16 नोव्हेंबरला वृश्चिकेत गेला. काही भागांत देव उठले की लगेच लग्नं लावतात, पण आमचे गुरुजी त्याला तयार नव्हते. त्यात 20 नोव्हेंबरला अमावास्या. म्हणजे खरी सुरुवात त्यानंतरच. पुढे डिसेंबरच्या मध्याच्या आसपास शुक्र मावळणार होता, तो जानेवारीच्या शेवटीच उगवणार. दोन्ही बाजूंनी धरलं तर जेमतेम तीन-साडेतीन आठवडे हाती उरले.

त्यातले रविवार आम्ही बघितले. 30 नोव्हेंबर सगळ्यांना आवडला. मार्गशीर्ष शुद्ध दशमी, उत्तराभाद्रपदा नक्षत्र. यादीत तारीख चांगली होती, पण यादी सगळ्यांसाठी असते. नवरा-नवरीची रास घेऊन ती पुन्हा तपासावी लागते. बहिणीची रास सिंह. त्या दिवशी चंद्र मीनेत होता, आणि सिंहेपासून मोजलं की मीन आठवी येते. चौथा, आठवा आणि बारावा चंद्र टाळतात, त्यामुळे ती तारीख गेली. 23 नोव्हेंबरला मूळ नक्षत्र, चंद्र धनूत, म्हणजे तिला पाचवा. मुलाची मिथुन, त्याला सातवा. दोघांनाही चाललं. मूळ नक्षत्राचं नाव ऐकून मुलाची आई दचकली, पण मुळावर जन्मलेल्या बाळाची शांत करतात ती गोष्ट वेगळी. विवाहाच्या नक्षत्रांत मूळ आहेच. गुरुजींनी त्यांना हे फोनवर नीट समजावलं, तेव्हा त्या शांत झाल्या. गुरुजींनी फक्त एक अट घातली: मूळ संध्याकाळी साडेसातच्या सुमारास संपतं, तेव्हा नाचात वेळ घालवायचा नाही, अक्षता दुपारीच पडल्या पाहिजेत.

तारीख ठरल्यावर कार्यालयाला फोन केला. त्या आठवड्यातले दोन्ही हॉल भरलेले होते. खिडकी लहान असली की सगळ्यांची लग्नं तिच्यातच कोंबली जातात, हे मला आधी सुचायला हवं होतं. शेवटी मांडव शेतातल्या खळ्यावर घातला, कपाशीची गंजी बाजूला सरकवून.

एक गोष्ट कुठल्याच पंचांगात शोधावी लागली नाही, ती आजीने सांगितली. आमच्याकडे लग्नात वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी पाहिजेच. पण आमच्या घरी खंडोबाचा कुळाचार आहे, आणि चातुर्मासात सोडलेलं वांगं आजी चंपाषष्ठीलाच पुन्हा खाते. देव उठले तरी तिचं वांगं अजून उठलेलं नव्हतं. लग्न तृतीयेला, षष्ठी 26 नोव्हेंबरला. नातीच्या लग्नात तिने बट्टीवर नुसतं वरण-तूप घेतलं. तीन दिवसांनी भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून झाला, आणि तिने पहिला घास मोडायच्या आधी बहिणीला शिरपूरला फोन लावायला सांगितला.