‘फायनल’ लिहून दिल्यानंतरची तक्रार

“गिऱ्हाइकाने डिझाइनचं काम बघून ‘फायनल’ असं लिहून दिलं, फाइल नेली आणि आता म्हणतो समाधानकारक नाही, राहिलेले पैसे देणार नाही. याला उत्तर काय लिहायचं?”

मी आधी त्याचा तो ‘फायनल’चा मेसेज उघडते आणि वर सरकवून बघते, की तो कुठल्या फाइलखाली लिहिलाय. माणसाने जे पाहिलं, तेवढंच त्याने मान्य केलेलं असतं. फोनवर पीडीएफ बघणाऱ्याने मजकूर, मांडणी आणि फोटोंची निवड मान्य केली. पण कमी रिझोल्यूशनचा फोटो फोनवर स्वच्छ दिसतो आणि कागदावर छापला की फुटतो. तो दोष त्याला दिसणं शक्यच नव्हतं, त्यामुळे तिथे ‘फायनल’ची ढाल पुढे करणं मला पटत नाही. तसं असेल तर वाद न घालता फाइल दुरुस्त करून द्यावी. छापील रंग पडद्यापेक्षा मंद येतात, हे आपण आधी लिहून कळवलं असेल तर रंगाची तक्रार टिकत नाही. कळवलं नसेल तर तिच्यात तथ्य आहे.

आता काणकोणच्या एका होमस्टेवाल्यांचं उदाहरण घेऊ. ब्रोशरचे २४,००० ठरले होते, अर्धे आगाऊ मिळाले होते. चवथीला घर पाहुण्यांनी भरलं, ब्रोशर हातोहात फिरलं, आणि मग मेसेज आला: “ताई, घरात कोणाला आवडलं नाही. काम समाधानकारक वाटत नाही. बाकीचं पेमेंट राहू दे.” यात दोष कुठेच सांगितलेला नाही. तक्रार खरी आहे, पण ती घरच्यांच्या पसंतीची आहे, कामाची नाही. मी लिहिलं ते असं:

“नमस्कार. तुमचा २ सप्टेंबरचा मेसेज मिळाला. ११ ऑगस्टला brochure_v4.pdf पाहून तुम्ही ‘फायनल, छपाईची फाइल द्या’ असं लिहिलंत. त्याप्रमाणे १२ ऑगस्टला ती फाइल तुम्हाला पाठवली. ब्रोशरमध्ये ठरल्यापेक्षा काही कमी किंवा चुकीचं असेल, तर पान क्रमांकासह ८ तारखेपर्यंत लिहून कळवा, ते मी विनामूल्य दुरुस्त करून देईन. ठरल्याप्रमाणेच आहे पण आता वेगळं हवं असेल, तर त्याचा खर्च मी वेगळा कळवते. राहिलेले १२,००० रुपये १० तारखेपर्यंत जमा करावेत. बिल सोबत पुन्हा जोडलं आहे.”

यात ‘माफ करा’ नाही, कारण अजून कोणाचं काय चुकलं हेच ठरलेलं नाही, आणि नंतर तोच शब्द आपल्याला दाखवला जातो. ‘तुम्ही शब्द फिरवलात’ हेही नाही. त्यांचंच वाक्य तारखेसह समोर ठेवलं की तेवढं पुरतं. सगळ्यात कामाचं आहे ते पान क्रमांक मागणं. ‘आवडलं नाही’ला काही उत्तर देता येत नाही, ‘पान ५, दर चुकलाय’ याला देता येतं. आणि पैशांची तारीख मी मुद्दाम वेगळ्या वाक्यात लिहिते. ‘बदल करून दिले की द्या’ असं एकदा लिहून बसलात, की बदल संपत नाहीत.

एवढ्यानेही पैसे आले नाहीत तर कायदा काय म्हणतो, हे आपल्या धंद्यातल्या फार थोड्या लोकांना ठाऊक आहे आणि त्याचं मला वाईट वाटतं. उद्यम ही छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु व्यावसायिकाला २००६ चा एमएसएमईडी कायदा लागू होतो. काम दिल्यापासून १५ दिवसांत गिऱ्हाइकाने लेखी हरकत घेतली नाही, तर काम स्वीकारलं असं धरलं जातं. वरच्या उदाहरणात हरकत २१ दिवसांनी आली. पैशांची मुदत लेखी ठरवली असली तरी ती ४५ दिवसांपलीकडे नेता येत नाही, आणि त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज लागतं. दाद राज्याच्या सुलभीकरण परिषदेकडे मागायची. नोंदणी मात्र काम घेण्याआधीच करून ठेवा, भांडण झाल्यावर धावपळ करून भागेलच असं नाही. पहिल्या पत्रात मी हे कधीच लिहीत नाही. गोव्यात सगळे एकमेकांच्या ओळखीतले असतात, आणि नोटिशीची भाषा वाचून बिल द्यायला तयार असलेला माणूसही अडून बसतो.

काणकोणहून चार दिवसांनी दोन मुद्दे आले: कव्हरवर अंगणाऐवजी समुद्र हवा, आणि दरांचा तक्ता काढायचा. दोन्ही नवे होते, म्हणून मी खर्च कळवला. त्यांनी आधीचे १२,००० भरले आणि फक्त कव्हर बदलून घेतलं. तक्ता होता तसाच राहिला.